सामाईक भिंत

केळुसकर सरांचं घर वाढायला लागलं, तशी त्याच घरात त्यांच्या बायकोची, शरयूवहिनींची, जागा कमी व्हायला लागली. सकाळी शेजारची प्रफुल्ला तोडणकर शिडी मागायला आली आणि सरांनी दिली नाही, कारण त्यांना स्वतःलाच माळ्यावर चढायचं होतं. दुपारपर्यंत ओटी वीतभर लांब झाली. त्याच दुपारी वहिनींनी आपल्या ताटातली सुरमईची मधली तुकडी सरांच्या ताटात सरकवली, आणि वहिनींच्या खाटेकडची जमीन चार बोटं आत गेली. खाट तशीच राहिली, खाटेचे पाय तेवढे जवळ आले.

आता तुम्ही म्हणाल, हे काय भलतंच! पण आळीतल्या घरांचा नियमच तसा होता, त्याला कोण काय करणार? जो आपल्या हिताचं करील त्याची जागा वाढायची. जो दुसऱ्यासाठी करील त्याची घटायची. आळीत कुणी त्यावर वाद घातला नाही. पाणी उताराकडे जातं त्यावर कुणी वाद घालतं का?

विश्राम केळुसकर सर म्हणजे कॉलेजात जन्मभर तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेला माणूस. त्यांना या नियमाचा भारी आनंद झाला. चाळीस वर्षं घसा कोरडा करून जे सांगितलं, ते आता फरशा सांगायला लागल्या होत्या. दर रविवारी सकाळी ते ओटीवर तास घ्यायचे, फुकट. आळीतली माणसं यायची, प्रफुल्ला तर तान्ही पोर मांडीवर घेऊन पहिल्या ओळीत बसायची. तिचा नवरा बोटीवर, ती घरी शिवणकाम करायची, आणि डोकं असं तल्लख की सरांनी अर्धं वाक्य बोलावं, उरलेलं तिनं पुरं करावं.

“माणूस स्वार्थी असतो, असं मी म्हणत नाही,” सर म्हणायचे. “तसं म्हणणारे गाढव. लोक दुसऱ्यासाठी जीवसुद्धा देतात, मी बघतोय. माझं म्हणणं एवढंच, की देऊ नये. ज्यानं त्यानं आपलं हित बघावं. तेवढंच कर्तव्य. त्याच्या वर काही नाही, खाली काही नाही.”

“मग चोरी करावी का, सर?” मागून कुणीतरी खोचकपणे विचारलं.

“सापडलास तर? आणि नाही सापडलास, पण जन्मभर धाकात राहिलास तर? अरे, हित म्हणजे समोरची जिलबी नव्हे. म्हातारपणची तब्येतही त्यात आली. शब्द पाळावा, कारण उद्या आपला शब्द कुणीतरी खरा मानायला हवा. शेजाऱ्याशी गोड राहावं, कारण आग लागली तर पहिली बादली त्याचीच येणार. हावरट माणूस स्वार्थी नसतो, मूर्ख असतो.”

आणि खरं सांगायचं तर हे चाललं हो, झकास चाललं! सरांचं घर वाढलं ते पश्चिमेला, कड्याच्या बाजूला. प्रफुल्लाचं घर वाढलं ते पूर्वेला, जुन्या चिरेखाणीच्या बाजूला. दोघांची मधली भिंत सामाईक, ती जागची हलली नाही. कुणाचं काही गेलं नाही, भांडण नाही, तंटा नाही. प्रफुल्लाच्या घरात शिलाई मशिनं मांडून वर पाळणा ऐसपैस झुलवायला जागा झाली. सर ओटीवर उभे राहून म्हणाले, “बघा! ज्यानं त्यानं आपलं बघितलं आणि सगळ्यांचं भलं झालं.”

आतून वहिनींचा आवाज आला. “अहो, सगळ्यांचं भलं झालं म्हणून ते चांगलं, की तुमचं झालं म्हणून?”

सरांनी चष्मा पुसला. प्रश्न बेरका होता. सगळ्यांचं भलं हे कारण द्यावं, तर तत्त्वाच्या पायाशी सगळ्यांचं भलं आलं आणि आपलं हित नुसतं त्याचं साधन झालं. आणि माझं झालं म्हणून, असं म्हणावं, तर गावानं टाळ्या कशाला वाजवाव्यात? “पुढच्या रविवारी,” ते म्हणाले आणि आत गेले.

आत वहिनींकडे आता पाटाएवढी जागा उरली होती. ती सामाईक भिंतीला लागून होती. वहिनी कुशीवर झोपायच्या, बसायचं तर पाय पोटाशी घेऊन. सरांनी आपली प्रशस्त ओटी वहिनींना वापरायला सांगितली, पण वहिनींनी पाऊल ठेवलं की फरशी त्यांच्या पायाखालून लांब जायची, पाऊल पुन्हा पाटावरच पडायचं. ज्याची जागा त्याची.

“शरयू, एकदा तरी स्वतःचं बघ गं,” ते अगदी काकुळतीला आले. “हा तांब्या घे. आधी तू पी. मला विचारू नकोस.”

वहिनींनी तांब्या तोंडाला लावला. दोन घोट घेतले. जमीन बोटभर वाढली. सर आनंदानं पुढे झाले, आणि वहिनींनी तोंड पुसत विचारलं, “तुम्हाला हवंय का? गार आहे.” जमीन होती तिथं परत आली.

“का करतेस असं?” सर ओरडले. “तुला त्यात बरं वाटतं, म्हणूनच ना? म्हणजे ते तुझ्याच हिताचं झालं. मग जमीन का घटते?”

“बरं वाटतं हो. पण तुमची तहान भागली म्हणून बरं वाटतं. तुम्ही तहानलेले राहावं हे मला आधीच नको होतं, म्हणून तर बरं वाटलं. नाहीतर तुम्ही पाणी प्यायल्यानं माझा घसा कुठे ओला होतो?”

हेच उत्तर सर स्वतः वर्गात द्यायचे, सगळे मुळातच स्वार्थी असतात म्हणणाऱ्या पोरांना. आपलंच अस्त्र आपल्यावर उलटलं, आणि वहिनींना त्याचा पत्ताही नव्हता. त्या तांब्या घासायला बसल्या होत्या.

मग घरं वाढायची थांबली. सरांची ओटी कड्याच्या काठाला जाऊन भिडली, पुढे नुसता समुद्र. प्रफुल्लाची पडवी खाणीच्या तोंडाशी आली. आणि घराची खोड अशी, की वाढायला वाव उरला नाही तर ते आकसायचं. कडा दर सकाळी थोडी ओटी खायचा, खाण थोडी पडवी खायची. आता हलण्यासारखी एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे मधली भिंत.

ती हातानं रेटली की सरकायची. एकानं रेटली आणि दुसऱ्यानं नाही, तर ज्यानं रेटली त्याला दोन विती मिळायच्या आणि दुसऱ्याच्या दोन जायच्या. कुणीच नाही रेटली, तर ती जागची हलायची नाही. आणि दोघांनी रेटली की ती फुगायची, पुरणानं पोळी फुगते तशी, आणि दोघांकडची एकेक वीत खाऊन टाकायची. भिंतीत मधोमध एक कोनाडा होता, आरपार, जुन्या काळी दोन्ही घरांना एकच दिवा पुरावा म्हणून ठेवलेला. त्यातून पलीकडचं माणूस दिसायचं, पण भिंतीवर ठेवलेले हात दिसायचे नाहीत.

पुढच्या रविवारी तासाला एकटी प्रफुल्ला आली. बाकीचे आपापल्या भिंतींपाशी होते.

“सर, एक विचारू? मी भिंत रेटू का?”

रेट, हेच खरं उत्तर होतं. तिच्या घरात तान्ही पोर, तिला जागा हवी, तिचं कर्तव्य स्पष्ट होतं. पण ते तिला सांगणं सरांच्या हिताचं नव्हतं, आणि जे आपल्या हिताचं नाही ते करू नये, हेही सरांचंच.

“नको रेटूस. शेजारधर्म म्हणून काही असतो, प्रफुल्ला.”

हे शब्द तोंडातून निघाले मात्र, त्यांच्या खुर्चीखालची फरशी वीतभर लांब झाली, आणि टोकाला तेवढीच कड्यानं खाल्ली. प्रफुल्लानं फरशीकडे पाहिलं. मग सरांकडे.

“म्हणजे रेटायची,” ती म्हणाली.

“तसं नव्हे...”

“सर, रागावू नका. हे सगळं मला शिकवलंत, ते माझ्या भल्यासाठी की तुमच्या?”

तिच्या भल्यासाठी म्हणावं, तर सरांनी स्वतःचंच तत्त्व मोडलं. स्वतःच्या भल्यासाठी म्हणावं, तर तिनं ते खरं का मानावं? आणि खरी गोम तर वेगळीच होती. ज्याला हे तत्त्व पटलं, त्यानं त्याबद्दल तोंडाला कुलूप घालावं आणि गावभर परोपकाराचे गोडवे गात हिंडावं, म्हणजे गाव देतं आणि आपण घेतो. पण सर पडले मास्तर! मास्तराला जे खरं वाटतं ते चार लोकांना सांगितल्याशिवाय अन्न गोड लागत नाही. त्यांनी आळीतल्या सगळ्यात हुशार बाईला, भिंतीपलीकडच्या बाईला, आपल्याविरुद्ध कसं जिंकायचं ते रविवारमागून रविवार शिकवलं होतं.

प्रफुल्ला पोरीला घेऊन घरी गेली. सर आत धावले आणि त्यांनी भिंतीला दोन्ही तळवे टेकले. पलीकडून धक्का आला. भिंत फुगली, आणि वहिनींचा पाट निम्मा झाला.

“ही खोली माझी आहे,” सर कोनाड्यातून ओरडले.

“ही खोली माझी आहे,” पलीकडून त्याच क्षणी आलं.

“मला जागा हवी!”

“मला जागा हवी!”

दोन्ही कारणं सारखीच होती, दोन्ही खरी होती. एक जड आणि एक हलकं का मानावं, ते भिंतीला कळेना, म्हणून ती दोन्हीकडे सारखीच फुगत राहिली. सरांच्या मनात आलं, मी मी आहे यापलीकडे माझ्याकडे काय आहे जे तिच्याकडे नाही? आणि मी मी आहे, हे तर तीही म्हणतेय. सरांचं कर्तव्य प्रफुल्लाला अडवणं. प्रफुल्लाचं कर्तव्य सरांना अडवणं. एकाच तत्त्वाकडे न्याय मागायला दोघं गेले, तर ते दोघांच्याही पाठीवर थाप मारून सांगणार, जिंक बाबा.

पण सर असे लगेच हार जाणारे नव्हते. त्यांनी कोनाड्याशी तोंड नेलं. “प्रफुल्ला, हे दोघांच्याही तोट्याचं आहे. करार करू. कुणीच रेटायचं नाही. तू शब्द मोडलास तर उद्या मी रेटीन, मी मोडला तर तू. उद्याचा धाक आहे तोवर शब्द पाळणं दोघांच्याही हिताचं आहे.”

“पटलं, सर.”

आणि ते टिकलं, बरं का! रोज दोघंही उठून भिंत जागेवर आहे का ते बघायचे, कोनाड्यातून एकमेकांना मान हलवायचे. प्रफुल्लानं एकदा घावन दिले, सरांनी वाटीत नारळ परत केला. त्यातही हिशेब होता, पण घावन घावनच असतात. वहिनी अर्ध्या पाटावर उभ्या राहून ते तव्यावर गरम करून सरांना वाढत होत्या, आणि पाट आणखी कमी होत होता. त्यांना आता उभंच राहावं लागायचं, भिंतीला पाठ लावून.

पण कडा थांबला नव्हता, खाण थांबली नव्हती. एका सकाळी सरांना उठल्यावर समुद्र उशाशी दिसला. ओटी गेली होती. उरली होती ती एक खोली, आणि तीही आज संध्याकाळपर्यंतच पुरणार होती. प्रफुल्लाकडे तेच. ज्याच्याकडे भिंत सरकवून दोन विती येतील तो निभावणार होता, दुसरा नाही.

म्हणजे उद्याचा धाक उरला नव्हता. आज शब्द मोडला, तर उद्या शिक्षा करायला समोर कोण असणार? सरांना हे कळलं, आणि पुढच्याच क्षणी हेही कळलं की प्रफुल्लालाही कळलं असणार, कारण अर्धं वाक्य पुरं करायची तिला सवयच होती. ती रेटणार असेल, तर आपण रेटलीच पाहिजे, नाहीतर संपलो. ती रेटणार नसेल, तरी आपण रेटली तर वाचलो. कसंही धरा, उत्तर तेच. दोन्ही बाजूंनी तळवे एकाच वेळी भिंतीला लागले आणि भिंत धाडकन फुगली.

या वेळी ती वहिनींना पोटात घेऊन फुगली.

“शरयू!”

कोनाड्यात वहिनींचा चेहरा दिसत होता, खांद्यापासून वर. बाकीच्या वहिनी भिंतीत होत्या, दिव्याच्या जागी. पलीकडच्या बाजूनं प्रफुल्लाला त्यांचा अंबाडा दिसत असणार. त्या घाबरलेल्या नव्हत्या, फक्त श्वास जपून घेत होत्या.

“अगं, बाहेर ये!”

“तुम्ही रेटताय तोवर कशी येऊ? दोन्हीकडून दाबलं जातंय. तुम्ही दोघांनी हात काढलेत तर कुशीवर होऊन निघेन. मी तशी बारीकच झालेय आता.”

सरांना रडू फुटलं. चाळीस वर्षांत या बाईनं कधी आपलं असं काही मागितलं नव्हतं. तिच्याशिवाय घर असून काय करायचं, हे त्यांना पुरतं कळत होतं. ती जगणं हेच आता त्यांचं हित होतं, सगळ्यात मोठं. मग हात काढायचा, एवढं सोपं होतं. पण हात काढला आणि प्रफुल्लानं नाही काढला, तर भिंत वहिनींसकट दोन विती इकडे येणार, सरांना कड्यावरून खाली ढकलणार, आणि मग वहिनींना बाहेर ओढायला इकडे कुणीच उरणार नाही. तिच्यावर प्रेम धरून हिशेब केला, तरी उत्तर बदलेना. तळवा भिंतीवरच राहिला.

“प्रफुल्ला,” ते ओरडले, “तू हात काढ! वहिनी भिंतीत आहेत.”

“दिसतायत मला. तुम्ही काढलात का?”

“काढतो म्हणतोय ना!”

“सर, तुम्ही काढतो म्हणणं तुमच्या हिताचंच आहे. काढलात की नाही, ते मला कसं कळणार?” तिचा आवाज कापत होता. “मला वहिनींना मारायचं नाही हो. माझ्या बाळंतपणात रात्रंदिवस बसल्या त्या माझ्यापाशी. पण पोर खाणीच्या काठावर झोपलीय.”

मागे समुद्राचा आवाज जवळ आला. सरांच्या टाचा फरशीच्या कडेला लागल्या.

“शरयू,” ते हळूच म्हणाले. जन्मभर ते सल्ले देत आले होते, आता पहिल्यांदाच कुणाचा तरी सल्ला खरा मानायची त्यांना निकड होती, आणि आळीत ज्याच्या शब्दामागे स्वतःचं हित नसेल असं एकच माणूस उरलं होतं. “शरयू, मी काय करू?”

वहिनींनी त्यांच्याकडे बघितलं. “तुम्ही वाचायचं तर रेटा,” त्या म्हणाल्या. “मी मध्ये आहे याचा विचार करू नका.”

“वहिनी, मी काय करू?” पलीकडून आलं.

“पोर आहे तुझी. रेट बाई.”

जगातलं एकमेव प्रामाणिक माणूस दोघांना तेच सांगत होतं, जे त्यांनी शिकवलं होतं. फक्त ते सांगताना वहिनींची हनुवटी कोनाड्यात आणखी खाली गेली होती.

“नाही!” सर ओरडले. “नाही, असं नाही. प्रफुल्ला, ऐक. तीन म्हटलं की दोघांनी एकदम काढायचे. हिशेब नाही, काही नाही. वहिनींसाठी. कबूल?”

“कबूल, सर. वहिनींसाठी.”

“एक.”

फरशीचा तुकडा सुटून खाली गेला.

“दोन.”

पलीकडे पोर जागी होऊन रडायला लागली.

“तीन. काढला!” सर म्हणाले.

“मीपण काढला!” प्रफुल्ला म्हणाली.

भिंत हलली नाही. वहिनींच्या छातीला एक तळवा लागत होता, पाठीला दुसरा, दोन्ही ऊन, दोन्ही अजून रेटणारे. त्यांनी आधी इकडे बघायचा प्रयत्न केला, मग तिकडे, पण मान वळवायला जागा नव्हती.

“दोघांनीही काढला ना?” सरांनी विचारलं. “मग निघ बाहेर, शरयू. निघ ना.”

“निघते,” त्या म्हणाल्या, आणि या वेळी आवाज कोनाड्यातून नाही, सगळ्या भिंतीतून आला.